घोट्यापाशी कापडाचा हिशेब

ऑनलाइन कुर्ते विकणाऱ्यांकडे एक अडचण वरचेवर येते. कुर्त्याचं फोटोशूट झालेलं असतं, मॉडेलने खाली साधी सुती पँट घातलेली असते आणि पंधरा दिवसांनी ठरतं की हाच कुर्ता चुडीदारासोबत, लेगिंग्जसोबत आणि सलवारीसोबतही सेट म्हणून विकायचा. पुन्हा शूट करायचं तर मॉडेल, मेकअप, स्टुडिओ असा सगळा खर्च पुन्हा आला. मग ते फोटो रिटचिंग करणाऱ्याकडे जातात आणि निरोप असतो, 'कुर्ता तसाच ठेवा, फक्त खालची पँट बदला.'

हे 'फक्त' फसवं आहे. कंबर, मांड्या आणि गुडघ्याचा बराचसा भाग कुर्त्याखाली झाकलेला असतो, तिथे फारसं काही करावंच लागत नाही. सगळी परीक्षा पोटरीपासून तळव्यापर्यंतच्या फूटभर जागेत होते. चुडीदाराच्या चुण्या आणि पावलावर टेकणारी कापडाची कड चुकली, की बाकी फोटो कितीही चांगला असला तरी पाहणाऱ्याला तो खोटा वाटतो. नेमकं काय चुकलंय हे त्याला सांगता येत नाही, पण रोज चुडीदार नेसणारी, आईला, बहिणीला नेसताना पाहिलेली नजर बरोबर तिथेच अडखळते.

चुण्या कशा काढायच्या हे कळण्याआधी त्या पडतात का, हे समजून घ्यावं लागतं. पँटचा पाय उभ्या धाग्यावर कापतात. त्याची लांबी घोट्यापर्यंत किंवा जराशी खाली असते आणि मोहरी पाऊल सहज आत-बाहेर जाईल एवढी सैल. चुडीदाराचं गणित वेगळं. तो उरेब कापतात, म्हणजे कापडाचे धागे पायावर तिरके येतात. जुन्या पद्धतीचे शिंपी आधी कापडाची तिरकी थैली शिवून घेतात आणि मग तिच्यातून पाय कापतात. तिरक्या धाग्यामुळे साधं सुती कापडही थोडं ताणतं. ही ताण लागतेच, कारण घोट्याचा घेर साधारण ९ इंच असला तरी टाच आणि पावलाचा उंचवटा धरून मोजलेला घेर १२-१३ इंच भरतो आणि ११ इंचांच्या आतबाहेरच्या मोहरीतून तो पार करायचा असतो. मोहरी फारच अरुंद असेल तर शिंपी तिथे चीर ठेवून टिचबटण किंवा हुक लावतो.

दुसरी गोष्ट लांबीची. चुडीदाराचा पाय माणसाच्या पायापेक्षा पाच ते आठ इंच जास्त लांब ठेवलेला असतो. खाली पावलाने अडवलेलं आणि वर रुंद होत जाणाऱ्या पोटरीने धरून ठेवलेलं हे जादा कापड मधल्या निमुळत्या भागात गोळा होतं. चुण्या म्हणजे हेच लपवलेलं कापड. त्यामुळे फोटोत चुण्या काढताना शोभेच्या आडव्या रेघा मारून भागत नाही. पाच-सात इंच कापड कुठे गेलं, याचा हिशेब त्या चुण्यांमधून लागायला हवा.

एक उदाहरण घेऊन पाहू. मॉडेलची उंची ५ फूट ४ इंच, म्हणजे ६४ इंच. समोरून उभी, दोन्ही पावलं दिसतात, पायात मोजडी. फोटोत तिच्या डोक्यापासून तळव्यापर्यंत २,५६० पिक्सेल भरतात. म्हणजे एक इंचाला ४० पिक्सेल. एकदा हे माप हाती आलं की पुढचं सगळं शिंप्याच्या टेपसारखं मोजता येतं.

तिच्या सरळ पँटची मोहरी समोरून सुमारे ६ इंच रुंद दिसते, म्हणजे २४० पिक्सेल. चुडीदार चढवल्यावर चुण्यांसकट घोटा साडेतीन इंचांच्या आसपास दिसेल, म्हणजे १४० पिक्सेल. दोन्हींतला फरक १०० पिक्सेल. प्रत्येक पायापाशी एवढी जागा मोकळी होणार आणि तिथे मागची भिंत, जमीन आणि दोन पायांमधली फट दिसायला हवी. हे तर फोटोत कधी नव्हतंच. म्हणून जाणता रिटचर चुडीदाराला हात लावण्याआधी पँट पूर्ण पुसतो. मागचा पडदा आणि जमीन भरून घेतो, पँटची जमिनीवरची सावलीही काढून टाकतो, कारण रुंद पँटची रुंद सावली खाली तशीच राहिली तर वरचा निमुळता पाय तिच्याशी जुळत नाही.

त्यानंतर पाऊल. पँटची मोहरी मोजडीच्या वरच्या भागावर टेकलेली होती. तिच्याखाली पावलाचा उंचवटा, घोट्याचं हाड आणि मोजडीची वरची कड दडलेली होती. चुडीदारात यातलं बरंच उघडं पडतं. हा भाग अंदाजाने रंगवायला गेलं की घोटा हमखास चुकतो. घोट्याची दोन हाडं एका उंचीवर नसतात. आतल्या बाजूचं हाड जरा वर असतं, बाहेरच्या बाजूचं खाली. दोन्हीकडे सारखे गोळे काढले की पाय बाहुलीचा दिसतो. त्यापेक्षा त्याच मॉडेलचा, त्याच उजेडातला एखादा दुसरा फोटो शोधणं बरं, ज्यात पँट जरा वर सरकली आहे किंवा ती चालताना घोटा दिसला आहे. तो मिळाला तर निम्मं काम झालं.

आता चुण्या. जादा लांबी ६ इंच धरू. घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंतची जागा सुमारे ७ इंच, म्हणजे फोटोत २८० पिक्सेल. त्या ७ इंचांत १३ इंच कापड मावलेलं दाखवायचं आहे. एका चुणीत पाऊण-एक इंच कापड जिरतं असं धरलं तर सहा ते आठ चुण्या पुरतात. त्या एकसारख्या अंतरावर मात्र येत नाहीत. घोट्यालगतच्या दोन-तीन दाट, फुगीर आणि एकमेकींवर बसलेल्या असतात. वर जाताना त्यांच्यातलं अंतर वाढतं, खोली कमी होते आणि पोटरी जिथे सगळ्यात रुंद असते तिथे कापड पायाला घट्ट लागून चुण्या संपतात. पोटरीच्या वर, गुडघ्याच्या दिशेने चुण्या काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक. तिथे जादा कापड थांबायला जागाच नसते.

चुणीचा आकारही नीट पाहण्यासारखा आहे. पूर्ण वाटोळी, पायाभोवती सलग फिरणारी कडी क्वचितच दिसते. एक चुणी नडगीवर ठळक असते आणि बाजूला जाता जाता विरते. ती विरते तिथून दुसरी सुरू होते आणि दोघींच्या मध्ये एक तिरकी घडी येते. पातळ नळी उभी दाबली की ती अशाच एकमेकींत अडकलेल्या तिरक्या घड्यांनी चेपते. शर्टाची लांब बाही कोपराकडे ढकलून पाहिली तरी हेच दिसतं. म्हणून एक चुणी नीट काढायची आणि तिच्याच सात प्रती खाली-वर लावायच्या, ही युक्ती लगेच उघडी पडते. डाव्या पायाच्या चुण्या आरशात उलटवून उजव्या पायाला लावल्या तरी तेच होतं. मॉडेलने एका पायावर भार दिलेला असेल तर दुसऱ्या, सैल सोडलेल्या पायाच्या चुण्या थोड्या तिरप्या आणि उघड्या असतात.

याहून मोठी चूक वळणाची असते. स्टुडिओत कॅमेरा बहुधा कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर असतो, त्यामुळे तो घोट्याकडे वरून पाहतो. वरून पाहिलेल्या कड्याची पुढची बाजू खाली झुकलेली दिसते. म्हणून चुण्यांची वळणं खाली झुकलेली हवीत, आणि घोट्याकडे जाऊ तसा हा झोक वाढायला हवा, कारण घोटा कॅमेऱ्यापासून जास्त खाली आहे. कॅमेरा जमिनीलगत ठेवून काढलेल्या फोटोत हे नेमकं उलटतं आणि वळणं वरच्या दिशेला कमान करतात. एका फोटोतल्या चुण्या कापून दुसऱ्या फोटोत चिकटवल्या की पाय वेगळ्याच खोलीतून आणल्यासारखा दिसतो, तो बहुतेकदा यामुळे. फोटोशॉपमध्ये Warp वापरून हे वळण दुरुस्त करता येतं. पण कोणत्या दिशेला वाकवायचं, हे आधी त्याच फोटोतल्या कुर्त्याच्या घेराची कड पाहून ठरवावं लागतं. कुर्त्याची कड किंचित खाली झुकली असेल, तर चुण्या तिच्याहून जास्त झुकायला हव्यात.

कापडावर रेघा किंवा छापा असेल तर आणखी एक पुरावा समोर येतो. पँटवरच्या उभ्या रेघा चुडीदारात उभ्या राहत नाहीत, कारण कापड उरेब कापलेलं असतं. त्या पायावर तिरक्या उतरतात. पँटचंच कापड निमुळतं करून चुडीदार म्हणून दाखवलं की रेघा सरळ राहतात आणि शिवणकाम येणाऱ्या कुणालाही ते एका नजरेत कळतं. शिवाय छापा घडीत जाऊन तुटतो. चुणीच्या पोटात फुलाचा अर्धा भाग गडप होतो आणि खालच्या चुणीवर त्याच्या पुढचा भाग दिसतो. फुलं घड्यांवरून सपाट वाहत गेली, तर कापडाऐवजी रंगवलेला पाय दिसतो.

पावलावरची शेवटची कड ही या सगळ्या कामाची सही म्हणायला हवी. चुडीदाराची मोहरी पायाला वेढते तेव्हा पुढे ती पावलाच्या उंचवट्याच्या सुरुवातीला टेकते आणि मागे टाचेच्या वर येते. समोरच्या फोटोत ती सरळ आडवी रेघ नसते, चुण्यांच्याच वळणाने खाली झुकलेली असते. सगळ्यात खालची चुणी बऱ्याचदा तिच्यावर थोडी ओठंगते, त्यामुळे कड काही ठिकाणी दिसते आणि काही ठिकाणी चुणीखाली जाते. कडेला शिवणीची जाडी असते. ती एक-दोन पिक्सेलच्या उजळ काठाने आणि तिच्याखालच्या बारीक गडद रेघेने दाखवावी लागते. ही गडद रेघ म्हणजे कापडाची त्वचेवर पडलेली सावली. ती काळी नसते. गव्हाळ पायावर ती तांबूस तपकिरी असते, कडेला सगळ्यात गडद आणि दोन-चार पिक्सेलमध्ये विरणारी. सावलीचा थर Multiply वर ठेवून त्वचेचाच गडद रंग वापरला की हे साधतं. ही रेघ नसेल तर चुडीदार पायापासून वेगळा, अधांतरी वाटतो.

कशाच्या वर काय येतं, हे पादत्राणावरून ठरतं. मोजडीत टाच आणि बोटं झाकलेली असतात आणि तिच्या वरच्या कडेत व चुडीदाराच्या मोहरीत त्वचेची एक अरुंद पट्टी दिसते. मोहरी मोजडीच्या आत खोचलेली दाखवली तर ते विचित्र दिसतं. कोल्हापुरी चपलेचा पट्टा पावलाच्या पुढच्या भागावर असतो, तिथवर चुडीदार पोहोचतच नाही, त्यामुळे काम सोपं होतं. घोट्याला पट्टा असलेली सँडल मात्र त्रास देते. चुण्या पट्ट्यावर पडल्या असतील तर पट्टा अर्धवट झाकला जाईल. पट्टा चुडीदारावरून बांधला असेल तर कापड त्याच्या वर फुगेल आणि खाली चपटं राहील. दोन्ही चालतं, पण एका फोटोतल्या दोन पायांवर दोन वेगवेगळे नियम चालत नाहीत. कथक नर्तकीच्या पायात घुंगरू चुडीदारावरून बांधलेले असतील, तर त्यांच्या वर गोळा झालेल्या कापडाचा फुगवटा पाहावा. ताणलेलं आणि सैल कापड कसं शेजारी शेजारी बसतं, ते तिथे चांगलं कळतं.

लेगिंग्ज याच्या अगदी उलट. तिरुपूरसारख्या होजिअरीच्या गावांतून येणाऱ्या लेगिंग्जचं कापड विणकरी नसून जाळीदार गुंफणीचं असतं आणि त्यात थोडं लायक्रा मिसळलेलं असतं. कापडच ताणतं, त्यामुळे उरेब कापायची गरज उरत नाही आणि घोट्यापर्यंतच्या साध्या लेगिंग्जमध्ये जादा लांबीही नसते. हिशेबाला शिल्लक कापड नाही, म्हणून चुण्याही नाहीत. घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे पाऊल वळतं, तिथे दोन-तीन बारीक सुरकुत्या येतात आणि गुडघ्याच्या मागे काही. एवढंच. इथे धोका वेगळाच असतो. पाय नुसता रंगवल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे मोहरीची जाड दुमड, तिच्यामुळे त्वचेवर पडणारी किंचित दाबाची खूण आणि नडगीवर उभी उतरणारी मंद चमक. दुसरा मोह Liquify ने पाय बारीक करण्याचा. पँटमध्ये पाय किती जाड होता हे फोटोत दिसत नाही, ते गुडघा, पाऊल आणि हाताच्या मनगटावरून ठरवावं लागतं. मनगट भरलेलं आणि पोटरी काडीसारखी, असं झालं की मॉडेलचं शरीरच बदललं.

'चुडीदार लेगिंग्ज' नावाचा एक मधला प्रकार बाजारात मिळतो. कापड लेगिंग्जचं, लांबी चुडीदाराची. त्याच्या चुण्या गोलसर, मऊ आणि कमी टोकदार असतात, कारण ताणणारं कापड सुती कापडासारखी तीक्ष्ण घडी धरत नाही. ग्राहकाने 'चुडीदार' म्हटलं तरी त्याला नेमकं काय विकायचं आहे, हे विचारून घ्यावं लागतं. नाहीतर फोटोत सुती चुडीदार आणि पाकिटात होजिअरी, असं होतं.

सलवारीत जादा कापड लांबीत नसून रुंदीत असतं. साध्या सलवारीला सव्वादोन-अडीच मीटर कापड लागतं, पटियाला सलवारीला चार मीटरच्या आसपास. ते सगळं कमरेपाशी प्लेट्स घालून आवळलेलं असतं आणि तिथून खाली लोंबतं. म्हणून सलवारीच्या घड्या उभ्या असतात, वजनाने खाली ओढलेल्या, आणि पाँच्याकडे येता येता एकत्र होतात. चुडीदाराच्या आडव्या चुण्या सलवारीच्या घोट्यावर काढल्या की दोन्ही बिघडतात.

पाँचा म्हणजे सलवारीच्या तळाची ताठ पट्टी. आत बकरम घालून तिच्यावर शिलाईच्या समांतर ओळी मारलेल्या असतात आणि ती दीड-दोन इंच रुंद असते. आपल्या उदाहरणात ६० ते ८० पिक्सेल. वरून आलेल्या घड्या या पट्टीपाशी थांबतात, तिला ओलांडत नाहीत. त्यांचं कापड पट्टीच्या वर किंचित फुगून तिच्यावर कलतं. पट्टी मात्र सपाट राहते, पुढून पावलावर टेकते, मागून टाचेकडे उतरते. घडी पाँच्यातून सरळ खाली गेलेली दाखवली तर त्यात बकरम असल्याचं कुणालाच पटणार नाही. रिटचरच्या दृष्टीने सलवार एका बाबतीत सोपी आहे. ती पँटपेक्षा रुंद असल्याने मागचा पडदा नव्याने भरावा लागत नाही, पाऊलही आधीइतकंच झाकलेलं राहतं. फक्त जमिनीवरची सावली वाढवायला विसरायचं नाही.

काम झाल्यावर तपासायची पद्धत साधी आहे. आधी फोटो आडवा उलटवून पाहायचा, सवयीने न दिसणाऱ्या चुका लगेच समोर येतात. मग तो मोबाइलच्या पडद्यावर दिसेल एवढा लहान करायचा. त्या आकारात चुण्या काळ्या पट्ट्यांसारख्या दिसत असतील तर सावल्या जास्त झाल्यात. पाय गुळगुळीत नळीसारखा दिसत असेल तर खोली कमी पडली. शेवटी घोटा पूर्ण मोठा करून मोहरीच्या कडेवरून नजर फिरवायची आणि प्रत्येक ठिकाणी कापड वर आहे की त्वचा की पादत्राण, याचं उत्तर एकच निघतंय का ते पाहायचं.

काही फोटोंना हात न लावणंच बरं. मांडी घालून बसलेली मॉडेल, मोहरी पूर्णपणे पायाखाली दबलेली, पारदर्शक कापड किंवा घोटा चौकटीबाहेर कापला गेलेला फोटो, यांत बदल करायला लागणारा वेळ नव्या शूटपेक्षा महाग पडतो. मॉडेलशी झालेल्या करारात अशा बदलांना परवानगी आहे का, हेही आधी पाहावं लागतं. आणि ई-कॉमर्ससाठी २०२० मध्ये केंद्र सरकारने केलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याची जाहिरात प्रत्यक्ष मालाशी जुळली पाहिजे. म्हणजे फोटोतल्या चुडीदाराचं कापड, लांबी आणि चुण्या पाकिटातल्या चुडीदारासारख्याच हव्यात, त्याहून देखण्या नकोत. त्यासाठी रिटचरने विक्रेत्याकडून सेटमधला खरा चुडीदार मागवून घ्यावा, तो कुणाला तरी नेसायला द्यावा आणि मूळ शूटच्याच उजेडात, त्याच उंचीवरून घोट्याचे दोन-चार फोटो काढून घ्यावेत. पुढचं शूट ठरवताना तर मॉडेलची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तीच पादत्राणं घालून, कॅमेरा न हलवता एक जादा फोटो घेतला, तरी पावलाचा आणि मागच्या पडद्याचा सगळा प्रश्न पाच मिनिटांत मिटतो.